शेरा की फाइल? एका प्रतिक्रियेला उत्तर

अप्रेझलचा शेरा पुराव्यानिशी लिहावा, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

*"लेख वाचला. तारखा, आकडे, ईमेल जपून ठेवा म्हणता, म्हणजे सरळ भाषेत माणसाविरुद्ध फाइल बनवा. माझ्या मॅनेजरने हेच केलं. वर्षभर तोंडातून शब्द नाही आणि अप्रेझलच्या दिवशी समोर चौदा चुकांची यादी. मागे पडलेल्या माणसाला आधार हवा असतो, पुरावे नकोत. आणि आकड्यांत माणूस मावत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायचं?"*

तुमच्या मॅनेजरची मी बाजू घेणार नाही. अप्रेझलच्या खोलीत माणसाला पहिल्यांदाच ऐकू येईल अशी एकही गोष्ट शेऱ्यात असू नये, हा माझा नियम आहे. चूक मार्चमध्ये दिसली तर मार्चमध्येच बोलायची. तेव्हा बोलला नाहीत तर डिसेंबरमध्ये ती काढायचा हक्क गेला. हे मूळ लेखात मी ठळकपणे लिहायला हवं होतं, ते राहिलं.

पण पुराव्याचा जाच समोरच्यालाच होतो, हे मला पटत नाही. माझा अनुभव उलटा आहे. पुरावा शोधायला बसल्यावर सगळ्यात आधी मीच अडचणीत आलो. तोच प्रसंग सांगतो.

आमची टीम ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं हाताळायची. पाच जण होते. त्यातल्या एकाच्या सहामाही अप्रेझलचा माझा पहिला मसुदा असा होता: "कामात गांभीर्य कमी. ओनरशिप घेत नाही. गुणवत्तेकडे लक्ष द्यायला हवं." ही तीन वाक्यं कुठल्याही ऑफिसातल्या कुणाच्याही फॉर्मवर चिकटवता आली असती. ती वाचून त्या माणसाने सोमवारी सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, हे मलाही सांगता आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्यामागे शेवटच्या दोन आठवड्यांतली दोन चिडलेल्या ग्राहकांची पत्रं होती, बाकी काही नव्हतं. ताजं तेच डोळ्यांसमोर राहतं.

मग आकडे काढले. सहा महिन्यांत त्याने २४० तिकिटं बंद केली होती, त्यातली ४८ ग्राहकांनी पुन्हा उघडली होती. म्हणजे २० टक्के. बाकीच्या चौघांचं हेच प्रमाण ७ ते ९ टक्के होतं. बहुतेक मॅनेजर इथे थांबतात, "तिकिटं पुन्हा उघडण्याचं प्रमाण टीमच्या दुपटीहून जास्त" असं लिहितात आणि पुराव्यानिशी लिहिल्याचं समाधान मानतात. पण आकडा फक्त कुठे बघायचं ते सांगतो. काय घडलं ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून मी ती ४८ तिकिटं एकेक करून वाचली. दुपार गेली. त्यातली ११ तिकिटं नव्या व्हर्जनमधल्या दोषामुळे परत आली होती, त्याने उत्तर बरोबरच दिलं होतं. ६ तिकिटांत ग्राहकाने जुन्याच तिकिटावर नवा प्रश्न टाकला होता. ही १७ वजा केल्यावर ३१ उरली, म्हणजे साधारण १३ टक्के. इथे एक पथ्य पाळावं लागतं: जी चाळणी त्याला लावली तीच बाकीच्यांनाही लावायची. ती लावल्यावर चौघांचं प्रमाण ४ ते ५ टक्क्यांवर आलं. म्हणजे फरक खराच होता, पण आता तो त्याच्या हातातल्या कामाचा होता.

त्या ३१ पैकी २३ तिकिटांची गोष्ट एकच निघाली. उपाय कळवला, ग्राहकाला "चाललं का?" असं विचारलं नाही, आणि दिवसाच्या शेवटच्या तासात तिकीट बंद. का, ते टीमच्या बोर्डाकडे पाहिल्यावर लक्षात आलं. तिथे रोज संध्याकाळी प्रत्येकाने किती तिकिटं बंद केली तेवढंच दिसायचं. तो बोर्ड मीच लावला होता. बाकीच्या चौघांसमोरही तोच बोर्ड होता, त्यामुळे सगळा दोष बोर्डावर ढकलता येत नाही. पण "गांभीर्य कमी" हे माझं निदान साफ चुकलं होतं. आकडा भरायची घाई करणाऱ्याला गांभीर्य नाही असं कसं म्हणणार?

शेरा मग असा लिहिला:

"जानेवारी ते जून या काळात तुम्ही बंद केलेल्या २४० तिकिटांपैकी ३१ तुमच्या हाताळणीमुळे पुन्हा उघडली. याच मोजणीने टीममधल्या इतरांचं प्रमाण ४ ते ५ टक्के आहे, तुमचं १३ टक्के. या ३१ पैकी २३ तिकिटं ग्राहकाची खात्री न करता बंद झाली. त्यामुळे त्या ग्राहकांना तीच तक्रार पुन्हा लिहावी लागली. एप्रिल आणि मे महिन्यांत पुन्हा उघडलेल्या तिकिटांवर आपलं बोलणं झालं होतं. अवघड तिकिटांत तुमची कारणमीमांसा अचूक असते. नव्या व्हर्जनमधला दोष सर्वांत आधी तुम्ही कळवला. पुढच्या तीन महिन्यांत ग्राहकाचा होकार किंवा दोन दिवसांची वाट, यापैकी एक झाल्याशिवाय तिकीट बंद करू नये. बोर्डावर बंद तिकिटांसोबत पुन्हा उघडलेलीही दिसतील, तो बदल मी करतो. दर पंधरा दिवसांनी पाच तिकिटं आपण एकत्र पाहू."

यात त्याच्या स्वभावावर एक शब्द नाही, आणि तो शिष्टाचार म्हणून वगळलेला नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम आणखी बिघडल्याचं दिसलं. त्यांच्या मते लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' यावर गेलं की परिणाम कमी होतो. "ओनरशिप नाही" हे वाक्य माणसाला नेमकं तिथेच नेतं.

आकड्यांत माणूस मावत नाही हे मात्र मान्य. बैठकीत दुसऱ्याला बोलू न देणं, मदत मागायला उशीर करणं, या गोष्टी मोजता येत नाहीत. मोजण्याचा आवही आणू नये. तिथे प्रसंग लिहायचा: कुठल्या बैठकीत, काय बोललं गेलं, त्यातून काय अडलं. एकच प्रसंग असेल तर "नेहमी" लिहायचं नाही. आणि कारण माहीत नसेल तर ते घरातलं, तब्येतीचं किंवा मनातलं असेल असा तर्क कागदावर उतरवायचा नाही.

आधाराबद्दल एवढंच म्हणेन की मऊ शेरा लिहून खालचं रेटिंग देणारे मॅनेजर मी पाहिलेत. माणूस घरी जाऊन तो कागद चार वेळा वाचतो आणि रेटिंग का घसरलं ते त्याला कळतच नाही. त्यापेक्षा तुमची चौदा चुकांची यादी बरी, निदान तिच्याशी भांडता तरी येतं.

आमच्याकडे तसं भांडण झालंही. मी शेरा दोन दिवस आधी तिकिटांच्या क्रमांकांसकट त्याला पाठवला होता. बैठकीत त्याने दोन तिकिटांवर हरकत घेतली. एकात ग्राहकाने फोनवर होकार दिला होता आणि तशी कॉलची नोंद निघाली. दुसऱ्यात काही सापडलं नाही. सही होण्याआधी मी ३१ चे ३० केले आणि २३ चे २२.