'इट' डोळे मिटून मध्ये टाकू नका

"फ्रेझल व्हर्ब दिसलं की वस्तू सरळ मधोमध टाका, नाम असो की सर्वनाम. पिक इट अप, लुक इट आफ्टर. एकच नियम, सगळीकडे चालतो."

यातलं पहिलं उदाहरण बरोबर आहे, दुसरं चूक. यवतमाळकडच्या आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर हे फिरलं आणि आठवीतल्या पोरांच्या वह्यांत 'लुक इट फॉर' उगवू लागलं. टोकलं तर पोरगं म्हणते, "मंग सर, पिक इट अप कसं चालते?"

चालते, कारण 'अप'चं नातं क्रियापदाशी आहे. 'फॉर' आणि 'आफ्टर' पुढच्या नामाला धरून असतात, आपल्या 'त्याच्यावर'मधल्या 'वर'सारखे. त्यांच्यापुढून नाम उचलून मागे नेता येत नाही. म्हणून आधी नाम घालून पाहायचं. रात्री थ्री-फेज आली की आपण मोटर चालू करतो: 'टर्न ऑन द मोटर' होतं, 'टर्न द मोटर ऑन'ही होतं. नाम दोन्हीकडे बसलं, म्हणजे सर्वनाम मध्येच येणार: 'टर्न इट ऑन'. 'टर्न ऑन इट' चूक. उलट 'लुक फॉर द की' होतं, 'लुक द की फॉर' होत नाही. मग 'लुक फॉर इट'.

आता गंमत पाहा. शब्द तेच, टर्न आणि ऑन, पण बैल मालकावर उलटला तर? 'द बुल टर्न्ड ऑन हिम'. इथे 'ऑन' मोटरवालं नाही, ते 'हिम'ला धरून आहे. त्या फॉरवर्डप्रमाणे 'हिम' मध्ये सरकवलं, तर बैलाने मालकाची कामवासना चाळवली असा अर्थ निघतो. वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन. म्हणूनच नुसती यादी पाठ करून भागत नाही, अर्थ पाहावा लागतो.

नामाला मधल्या जागेची सक्ती नाही, हे मोटरच्या वाक्यात दिसलंच. नाम लांबलचक असेल तर ते शेवटीच बरं. 'विहिरीवरची काल दुरुस्त करून आणलेली मोटर' एवढं सगळं 'टर्न' आणि 'ऑफ' यांच्या मध्ये कोंबलं, तर 'ऑफ' येईस्तोवर ऐकणारा दमतो.

आणि सक्ती सगळ्या सर्वनामांवरही नाही. ती इट, हिम, हर, देम, मी, अस अशा हलक्या, जोर न देता उच्चारल्या जाणाऱ्या सर्वनामांवर आहे. 'पिक अप धिस', 'पिक अप माइन' चालतं.

कानाला अंदाज येत नसेल तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघडा आणि 'समथिंग' कुठे छापलंय ते पाहा. 'पिक समथिंग अप' असेल तर 'इट' मध्ये, 'लुक आफ्टर समथिंग' असेल तर शेवटी. 'पुट अप विथ समथिंग'सारखं तीन शब्दांचं असलं तरी हेच: 'पुट अप विथ इट'.