तेलाच्या डब्याचा मायनस स्टॉक: लक्ष्मीपुरीतल्या एका ग्राहकाला उत्तर

★☆☆☆☆ "बिलिंग सॉफ्टवेअर बंडल आहे. दुकानात डबे रचून ठेवलेत आणि स्क्रीनवर स्टॉक मायनस १४. पोरानं एंट्री टाकून मायनस घालवला तर आता डब्यामागं साडेपाचशे नफा दाखवतंय आणि मोजणीत १४ डबे कमी. सपोर्टवाले म्हणतात तुमचीच एंट्री बघा. पैसे घेताना बरं गोड बोलतात!" (लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मालक. तुमचा राग समजतो. मोजणीत माल कमी आला की पहिला संशय हमालावर नाहीतर गल्ल्यावरच्या पोरावर जातो. म्हणून आधी हे सांगतो की ते १४ डबे कुणी नेलेले नाहीत. ते दुकानात आलेच नव्हते, फक्त कॉम्प्युटरात आले होते. कसे, ते इथंच लिहितो, कारण लक्ष्मीपुरीतल्या आणखी चार जणांचा हाच प्रश्न असतो. आकडे सोपे करून घेतलेत, तुमचा खरा खरेदी दर इथं उघडा करत नाही.

समजा महिन्याच्या सुरुवातीला सरकी तेलाचे १० डबे होते, दर २,००० रुपये. १० तारखेला गाडी आली आणि ४० डबे उतरले, दर २,१००. डबे थप्पीला लागले, पण बिल गेलं तारेत. दिवाणजी खरेदीची बिलं आठवड्यातून एकदा चढवतात, त्यामुळं हे बिल १८ तारखेला चढलं आणि तारीखही १८ चीच पडली. काउंटर काही तोवर थांबत नाही. १७ तारखेपर्यंत २४ डबे विकले. कॉम्प्युटरला माहीत होते १० च. दहातून चोवीस गेले, राहिले मायनस १४. हिशेब बरोबरच होता, खरेदीची तारीख मागं पडली होती.

आता १७ तारखेला काय झालं बघा. स्क्रीन लाल दिसली म्हणून पोरानं स्टॉक अ‍ॅडजस्टमेंटमध्ये १४ डबे जमा केले आणि दराचा रकाना मोकळा सोडला, म्हणजे शून्य रुपये. मायनस गेला. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी ४० डब्यांची खरी खरेदी चढवली. स्क्रीनवर स्टॉक झाला ४०. थप्पीला मात्र २६ च, कारण १० आणि ४० मधून २४ गेले. तुमचे कमी आलेले १४ ते हेच.

दराचं नुकसान याहून मोठं आहे. तुमच्याकडं महिन्याच्या एकूण आवकेवर सरासरी दर धरायची पद्धत लावलेली आहे. खरे पैसे गेले ते २०,००० आणि ८४,०००, मिळून १,०४,०००. याला ५० डब्यांनी भागलं तर डबा २,०८० ला पडतो. पण फुकटातले १४ मिसळले की भागाकार ६४ ने होतो आणि डबा दिसतो १,६२५ ला. तुम्ही २,१८० ला विकता, तिथं १०० रुपये सुटायच्या जागी ५५५ दिसतात. नुसतं दिसण्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण शेजारच्यानं भाव पाडला म्हणून तो आकडा बघून तुम्ही २,०५० ला डबा सोडलात तर प्रत्येक डब्याला ३० रुपये खिशातले जातात आणि रिपोर्ट नफाच सांगत राहतो.

"मग १४ डबे वजा टाकतो" असं फोनवर म्हणालात, ते कृपा करून करू नका. नग जुळतील, दर नाही जुळणार. १४ डबे १,६२५ नं घट म्हणून गेले की २२,७५० रुपयांची खोटी तूट खात्यावर बसेल. उरलेले २६ डबे ४२,२५० चे दिसतील, खरी किंमत ५४,०८० असताना. मार्चअखेरीला हाच आकडा क्लोजिंग स्टॉक म्हणून सीएंकडं जातो.

दुरुस्ती उलट्या एंट्रीनं होत नाही, मुळात हात घालावा लागतो. आधी बॅकअप घ्या. मग त्या आयटमचं स्टॉक रजिस्टर तारखेनुसार उघडा. आजची शिल्लक बघायची नाही, शिल्लक पहिल्यांदा शून्याखाली कोणत्या दिवशी गेली ती ओळ शोधायची. तिच्या खाली, पुढच्या तारखेला, जी खरेदी दिसते तिथंच बहुतेक वेळा मेख असते. पोराची १४ ची एंट्री पूर्ण काढून टाका. खरेदीची एंट्री उघडून तिची तारीख माल उतरला ती, म्हणजे १०, करा. व्यापाऱ्याचा बिल नंबर आणि बिलाची तारीख यांना वेगळा रकाना आहे, तिथं छापील बिलावर आहे तेच राहू द्या. मग कॉस्ट पुन्हा मोजण्याचा पर्याय चालवा. तो चालवला नाही तर जुन्या विक्रीवर जुनाच दर चिकटून राहतो आणि लोक म्हणतात दुरुस्ती लागली नाही. शेवटी रजिस्टर परत बघा: १० तारखेला ५०, कुठंही मायनस नाही, शेवटी २६.

तारीख बदलताना महिना बदलत असेल आणि मागच्या महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून झालं असेल, तर आधी सीएंना विचारा, कारण रिपोर्टात त्या बिलाचं क्रेडिट महिना बदलून बसतं. विक्रीच्या बिलांना मात्र हात लावू नका. ती गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली आहेत.

हे सगळं करून थप्पीला २६ ऐवजी २५ भरले, तर तो एक डबा खरा कमी आहे, फुटला असेल नाहीतर बिलाविना गेला असेल. तो २,०८० दरानं, कारण लिहून, वजा टाका. उलट एक जास्त भरला तरी दराचा रकाना मोकळा सोडायचा नाही.

तुमच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसली. त्याच तेलाचे १५ किलो आणि १५ लिटर असे दोन आयटम शेजारी शेजारी आहेत. १५ लिटरमध्ये तेल साधारण साडेतेरा किलोच बसतं, म्हणजे दरही वेगळा. गर्दीत पोरगं किलोचा डबा देतं आणि लिटरवर बोट ठेवतं. मग एक आयटम मायनस, दुसरा फुगलेला. एक मायनस दिसला की जोडीचा आयटम तेवढाच जास्त आहे का ते आधी बघा. असेल, आणि बिल रद्द करून नवं करण्याची वेळ गेली असेल, तर स्टॉक जर्नलमध्ये एकातून वजा आणि दुसऱ्यात जमा एकाच एंट्रीत, प्रत्येक आपापल्या दरानं. राहिलेला फरक घटीत जाऊ द्या.

मायनसवर विक्री अडवायची सोय आहेच, पण तुमच्यासारख्या दुकानाला मी ती लावत नाही. डबा समोर असताना बिल अडलं की पोरगं शेजारचा आयटम मारून गिऱ्हाईक मोकळं करतं, मग हा गुंता शोधायला दुप्पट वेळ जातो. इशारा तेवढा चालू ठेवा. आणि बिल उशिरा चढणार असेल तर गाडी उतरली त्याच दिवशी आवक चलन टाकत जा, नग आणि ठरलेला दर एवढंच. दिवाणजी नंतर बिल त्याच चलनाला जोडतील, दोन वेळा जमा होणार नाही.

दिवाणजींना त्या आयटमचं १ तारखेपासूनचं रजिस्टर आणि गाडीच्या बिलाचा फोटो पाठवायला सांगा. तारीख बदलायच्या आधी मी स्वतः बघतो, तोवर कुणाला अ‍ॅडजस्टमेंट टाकू देऊ नका.