स्वल्पविरामापर्यंतच आलेला निरोप

सहकाऱ्याचा निरोप स्वल्पविरामाशी येऊन थांबला, की पहिला नियम असा: लगेच अंगठा पाठवा. आजोबांच्या काळी अंगठा देणाऱ्याला निरक्षर म्हणत. आता तत्पर म्हणतात. शिवाय आपण नेमकं कशाला हो म्हटलंय हे समोरच्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही, त्यामुळे पुढे भांडायला दोघांनाही भरपूर जागा राहते.

मी हे अनुभवाने सांगते. आमचं ऑफिस इंदूरचं, कारभार हिंदीत, पण बिलिंगचे नाना आणि डिस्पॅचची मी एकमेकांना मराठीतच निरोप पाठवतो. मागे एका सोमवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नानांचा निरोप आला:

“ताई, देवासच्या पार्टीचा माल आज पाठवू नका,”

बस. पुढे काही नाही. आता तुम्ही म्हणाल, स्वल्पविराम आहे म्हणजे पुढे काहीतरी असणार, विचारावं. अजिबात विचारू नका. विचारणं म्हणजे आपल्याला कळलं नाही अशी कबुली. अंदाज बांधा. मराठी वाक्य त्यासाठी फारच सोयीचं आहे, कारण आपल्या वाक्याचा निकाल बहुधा शेवटी लागतो. “पाठवू नका” इथे तो लागल्यासारखा वाटतो खरा, पण मागून एक “असं” आलं की अख्खं वाक्य कोलांटी मारतं. नानांच्या मनातलं वाक्य होतं: “माल आज पाठवू नका, असं शनिवारी म्हणालो होतो, पण आता त्यांचा फोन आला, चारच्या आत पोचवा.” मला मिळाला तो तुकडा याच्या बरोबर उलटा. मी अंगठा दिला, गाडी भरायची थांबवली आणि निश्चिंत मनाने पोहे मागवले. जीरावन जरा जास्तच टाकून.

तिकडे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. नानांना नवी ओळ हवी होती. फोनवर लिहिताना ते एंटर दाबतात आणि नवी ओळ मिळते. कॉम्प्युटरवर तेच बटण निरोप पाठवून देतं, नव्या ओळीसाठी शिफ्ट धरून एंटर दाबावं लागतं. नाना नुसतं एंटर दाबतात न दाबतात तोच टेबलावरचा फोन वाजला. वीस मिनिटांनी परत पाहतात तर ताईंचा अंगठा. म्हणजे समजलं! आपण उरलेलं लिहिलंच नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात वाक्य पूर्ण होतं. एकाच अंगठ्याने दोन वेगळ्या वाक्यांवर आमचं एकमत झालं.

तेव्हा, वाचकहो, अंगठा द्याच. नसेल द्यायचा, तर दुसरा उत्तम उपाय प्रश्नचिन्हांचा: “???” तीनपेक्षा कमी नकोत. एकाने शंका दिसते, तिनाने स्वभाव दिसतो. तिसरा उपाय अदबीचा: “आपला अपूर्ण संदेश कृपया पूर्ण करावा, ही नम्र विनंती.” यात कृपया आहे, नम्र आहे, विनंतीही आहे, आणि तरी वाचणाऱ्याला मुख्याध्यापकांनी बाकावर उभं केल्यासारखं वाटतं. साहेबांनाही प्रत पाठवली, तर नाना निवृत्तीपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलणार नाहीत, अर्धाही नाही.

काही मंडळी मात्र नको तितकी बारकाईने पाहतात, त्यांच्यापासून सावध राहा. ती आधी निरोप उघडून बघतात, की खरंच तुटलाय की वरच्या पट्टीत दिसतो तेवढाच तुकडा आपण वाचला. मग स्वल्पविराम कुठे आहे ते बघतात. “नमस्कार ताई,” एवढंच असेल तर हात एंटरवर पडलाय, बाकीचं येतंच आहे, दोन मिनिटं गप्प बसावं. “आपला,” असं शेवटी असेल तर निरोप पूर्ण आहे, फक्त सही राहिली; त्याला उत्तर द्यावं, शोध घेऊ नये. आणि वाक्याच्या मध्येच असेल, समोर ‘टायपिंग’ही दिसत नसेल, पाच-दहा मिनिटं गेली असतील, तरच ती लिहितात. काय लिहितात, तर हे:

“नाना, निरोप ‘आज पाठवू नका,’ इथपर्यंतच आला. पुढचं पाठवता का? तोवर गाडी भरून ठेवते, सोडत नाही.”

किती कोरडं! यात तुम्ही विसरलात नाही, अर्धवट नाही, चूक नाही. “तुम्ही पाठवलंत” असंसुद्धा नाही, “निरोप आला” असं आहे. म्हणजे तुटायचा तो निरोप आपला आपण तुटला, नानांचा काही संबंध नाही. वर शेवटचे शब्द जसेच्या तसे परत दिलेत, त्यामुळे नानांना वर सरकवून शोधायलाही लागत नाही, कुठून पुढे लिहायचं ते समोरच दिसतं. आणि तोवर आपण काय करतोय हेही सांगून टाकलं. ते शेवटचं वाक्य तर फारच खटकणारं. गाडी भरून उभी असली, की उत्तर काहीही येवो, नुकसान थोडंच. पाठवायची तर सुटते, नाही तर उतरवता येते. मग दुपारी तीन वाजता धावाधाव कोण करणार? हमालांना कोण शोधणार? देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर, त्यात कसली मजा, जर ड्रायव्हरला शिव्या ऐकवत पोचायचं नसेल?

आमची गाडी साडेपाचला पोचली. पार्टीने माल घेतला, पण चहा विचारला नाही. देवासला हे गंभीर मानतात.

दुसऱ्या दिवशी मी नानांना तो निरोप दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, “हे मी लिहिलंय? मी तर सगळं लिहिलं होतं.” मग म्हणाले, “दुरुस्त करतो.” पण पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो, इथे दिवस उलटला होता. तेव्हा नानांनी दोष आपल्या हाताचा न मानता काळाचा मानला. त्यांच्या घरात होळकरशाहीतली मोडी पत्रं आहेत, असं ते दर चहाला सांगतात. “मोडीत होता का स्वल्पविराम? शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. पण पत्र संपलं की ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’. शिक्का बसला की संपलं. मागून कुणी अक्षर घुसडू शकत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की आता पुढे काही नाही. तुमच्या या यंत्रात आहे का तशी सोय?”

यंत्रात नाही हे खरं. म्हणून नानांनी स्वतःच सुरू केली. आता त्यांच्या प्रत्येक निरोपाखाली ‘लेखनसीमा’ असते. “तीन नंबरचं बिल तपासलं. लेखनसीमा.” “पोहे आले. लेखनसीमा.” ऑफिसातली हिंदी मुलं विचारतात, “भिया, ये सीमा मैडम कौन हैं?”

परवा संध्याकाळी त्यांचा निरोप आला: “ताई, उज्जैनची गाडी उद्या सकाळी, लेखनसीमा,”

शेवटी स्वल्पविराम होता. मी अंगठा दिला.