‘ग्रोथ’ म्हणून सुटका होत नाही

“इंटरव्ह्यूत ‘नोकरी का सोडताय’ विचारलं तर खरं कारण कधीच सांगू नका. ‘करिअर ग्रोथ’ म्हणा, पगाराचं नाव काढू नका आणि त्यांच्या कंपनीचं भरपूर कौतुक करा.”

हा सल्ला ऐकायला सोपा आहे, पण ‘ग्रोथ’वर लगेच पुढचा प्रश्न येतो: ग्रोथ म्हणजे नेमकं काय, आणि सध्याच्या ठिकाणी ती मागितली होती का? पाठ केलेलं उत्तर इथेच संपतं.

समजा, चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत चार वर्षं क्वालिटीत काम करणारा इंजिनिअर आहे. तो म्हणू शकतो, “चार वर्षं फायनल इन्स्पेक्शन केलं. गेज, मोजमापाचं सीएमएम मशीन, ग्राहकाच्या तक्रारी, सगळं शिकलो. पण माल सदोष निघतो तो बऱ्याचदा सप्लायरकडूनच, आणि ते काम आमच्याकडे वेगळी टीम बघते. तिकडे बदली मागितली होती, जागा नव्हती.” यात तक्रार नाही आणि खोटंही काही नाही. शिकलो काय, अडलं कुठे, प्रयत्न काय केला, एवढं मिनिटभरात सांगून होतं.

साहेबांशी पटत नसेल तर? माणसाबद्दल न बोलता कामाच्या पद्धतीबद्दल बोलावं. मात्र कपातीत नोकरी गेली असेल तर ‘मीच राजीनामा दिला’ म्हणू नये. पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, आणि पडताळणीत जुन्या एचआरला सोडण्याचं कारणही विचारलं जाऊ शकतं. ‘आमची लाइन बंद झाली, त्यात आमचा गट गेला’ हे एका वाक्यात सांगून पुढे जावं.

पगाराचं म्हणाल तर एचआर पहिल्याच फोनवर सध्याचा सीटीसी, अपेक्षा आणि नोटीस पिरियड विचारते. मग लपवायचं काय? फक्त ते पहिलं किंवा एकमेव कारण नको. कारण ‘उद्या तिथेच पगार वाढवला तर थांबाल का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. वरचा इंजिनिअर सरळ म्हणू शकतो, “पगार वाढला तरी काम तेच राहील.” निव्वळ पैशासाठी निघालेल्याला हे पटण्यासारखं सांगता येत नाही, आणि नव्वद दिवसांच्या नोटिशीत हा मागे फिरेल अशी धास्ती कंपनीला असतेच.

कौतुकाचा मुद्दा सगळ्यात पोकळ. ‘तुम्ही नंबर वन आहात’ हे शेजारच्या कंपनीतही चालतं. त्यापेक्षा जाहिरातीतली कामाची यादी समोर ठेवून आपल्या अडचणीला जुळणारी ओळ शोधावी: “तुमच्या जाहिरातीत सप्लायर ऑडिट आणि सप्लायरच्या पार्ट्सना मंजुरी देण्याचं पीपॅप आहे. पीपॅपची कागदपत्रं मी आतून तपासली आहेत, आता सप्लायरच्या शॉपवर जाऊन ते काम करायचंय.” सोडण्याचं कारण आणि इथे येण्याचं कारण असं एकाच धाग्यात आलं की पुढचे प्रश्न कामावर वळतात.

जुळवताना एक तपासावं. रात्रपाळीला कंटाळून निघाला असाल आणि नव्या प्लांटमध्येही तिन्ही पाळ्या फिरत्या असतील, तर तेच खरं कारण तुमच्यावर उलटतं. ते इंटरव्ह्यूच्या आधी, एचआरच्या त्या पहिल्या फोनवरच विचारून घ्यावं.