'रिस्पेक्टेड अनिता मॅडम' आणि परदेशातली पत्रं

"इंग्रजी मेलमध्ये मोठ्या माणसाच्या नावापुढे सर किंवा मॅडम लावलंच पाहिजे, नाहीतर अपमान होतो. आमच्या इंदूरच्या क्लासच्या ग्रुपवर हे फिरतंय. खरं आहे का?"

इंदूरमधल्या कॉलेजपुरतं चालतं. 'रिस्पेक्टेड जोशी सर' लिहिलं तर इथे कुणालाच खटकणार नाही, उलट बरंच वाटेल. पण तोच साचा बाहेर पाठवू नका.

माझ्या भाचीने पीएचडीसाठी ब्रिटनमधल्या एका प्राध्यापक बाईंना मेल लिहायला घेतला, तेव्हा सुरुवात होती 'रिस्पेक्टेड' आणि पुढे त्यांचं पहिलं नाव नि मॅडम. मी ती खोडायला लावली. तिकडे 'सर' किंवा 'मॅडम' नावाला जोडत नाहीत. नाव माहीत नसेल तेव्हाच 'डिअर सर ऑर मॅडम' असं एकटं येतं. नावाच्या आधी येणारा 'सर' हा तिथे किताब आहे. न्यूटनला तो 1705 मध्ये मिळाला, म्हणून तो 'सर आयझॅक'. 'सर न्यूटन' नव्हे.

मग काय लिहायचं? 'डिअर प्रोफेसर' आणि पुढे फक्त आडनाव. पद नक्की ठाऊक नसेल तर विद्यापीठाच्या पानावर पाहून घ्या. प्रोफेसर नसून डॉक्टरेट असेल तर 'डॉक्टर'. दोन्ही नसेल तर बाईंना 'मिस्टर'च्या जोडीचं 'मिझ', कारण त्यात लग्नाचा प्रश्नच येत नाही. यांच्याही पुढे आडनावच, पहिलं नाव नाही. शेवटी 'युअर्स सिन्सिअरली'. 'फेथफुली' बिननावी पत्रासाठी.

उत्तरात त्यांनी खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं, तर पुढच्या मेलमध्ये तेच वापरायला हरकत नाही.