आकडा मोठा म्हणून वेळ पुढे? एका प्रतिक्रियेला उत्तर

मी दिलेलं गणित असं होतं: ७५° पश्चिमेला स्थानिक वेळ सकाळचे १० असेल, तर १२०° पश्चिमेला किती वाजले असतील? माझं उत्तर होतं सकाळचे ७.

प्रतिक्रिया: "तुमचं उत्तर साफ चुकलंय. ७५° पश्चिमेला सकाळचे १० असतील, तर १२०° पश्चिमेला दुपारचा १ वाजणार. १२० मोठा आकडा आहे, म्हणजे ते ठिकाण पुढे. शिवाय खरी घड्याळं प्रमाणवेळेवर चालतात. एवढंही येत नसेल तर लिहू नये माणसानं."

उत्तर: आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मी अनेक वर्षं भूगोल शिकवलाय आणि नेमक्या याच गणिताच्या उत्तरपत्रिका ढिगानं तपासल्यात. तेव्हा कोणी लिहावं आणि कोणी नाही, हे तुम्ही ठरवू नका. चूक दाखवायची तर आकडेमोडीत दाखवा. एक मात्र मान्य: उदाहरणासोबत आकृती हवी होती.

आता "मोठा आकडा म्हणजे पुढे". हे पूर्व रेखांशांना लागू पडतं. पश्चिमेकडे आकडा वाढतो तो ग्रिनिचपासून मावळतीच्या दिशेनं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे सूर्य आधी ७५° पश्चिमेच्या डोक्यावर येतो, मग १२०° पश्चिमेच्या. तुमच्या उत्तराप्रमाणे ७५° वर मध्यान्ह व्हायला दोन तास बाकी असताना १२०° वर ती उलटून तास झालाय! असं कसं होईल?

ग्रिनिचवरून ताळा करून बघा. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून ७५° चे ५ तास. ग्रिनिचला तेव्हा दुपारचे ३. तिथून १२०° पश्चिम म्हणजे ८ तास मागे, म्हणजे सकाळचे ७. तुमचा दुपारचा १ ग्रिनिचच्या फक्त २ तास मागे आहे. ती वेळ ३०° पश्चिमेची. फरक तुम्ही ४५° बरोबर काढलात, पण ७५ वरून पश्चिमेला जायचं सोडून पूर्वेला गेलात.

म्हणूनच तुमचं उत्तर ३ नाही, ६ तासांनी चुकलं. वजा करायचं तिथे मिळवलं की चूक नेहमी फरकाच्या दुप्पट येते. उत्तरसूचीशी तफावत बरोबर दुप्पट दिसली, की दिशा उलटी झाली हे मी पुढची आकडेमोड न वाचता सांगतो. फसवं असतं ते ९०° फरकाचं गणित. तिथे चूक १२ तासांची होते, त्यामुळे पहाटेच्या ४ ऐवजी दुपारचे ४ येतात. काटे तेच दिसतात आणि घाईत तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ते सुटतं.

प्रमाणवेळेचं म्हणाल, तर प्रश्न स्थानिक वेळेचा होता. आणि अमेरिकेच्या ईस्टर्न व पॅसिफिक प्रमाणवेळा नेमक्या ७५° आणि १२०° पश्चिमेवरच धरलेल्या आहेत. त्यांतही पॅसिफिक ३ तास मागेच आहे. त्यामुळे त्या मुद्द्यानंही तुमचा १ वाजत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा ताळा करून लिहा. मी नक्की वाचेन.