आभार मानायचे तर असे माना

आज एका ईआरपी प्रोजेक्टच्या समारोपात प्रोजेक्ट मॅनेजर बाईंचं भाषण ऐकलं, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. एरवी अशा भाषणात काय असतं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. वरिष्ठांचा पाठिंबा, कन्सल्टंटची रात्रंदिवस मेहनत, आणि सगळ्यात शेवटी ‘युजर्सनी बदल स्वीकारला’. स्वीकारला म्हणे! अर्धं काम त्यांनीच केलेलं असतं.

या बाईंनी मात्र आभारांची सुरुवातच स्टोअरकीपरपासून केली आणि कशाबद्दल तेही सांगितलं. 20 मिमीचा एमएस राउंड बार. खरेदी किलोवर, कारखान्यात इश्यू मीटरवर. जुन्या सिस्टिममध्ये साठा किलोत होता, 1482. नव्या आयटम मास्टरमध्ये बेस युनिट मीटर ठेवलं, पण ओपनिंग स्टॉकच्या फाइलमध्ये आकडा तोच गेला. झाले 1482 मीटर. या बारचं वजन काढायचा हिशेब सोपा आहे, व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला साधारण 2.47 किलो. खरा साठा 600 मीटर.

पकडलं कोणीच नाही, कारण फायनान्सने फक्त किंमत ताळून पाहिली. फाइलमध्ये नग आणि एकूण किंमत असे वेगळे रकाने असतात. एकूण किंमत बरोबर होती, ट्रायल बॅलन्सशी पैन्‌पै जुळली, सही झाली. चुकला होता तो दर. किलोचा जो दर, तोच मीटरचा झाला.

यूएटीमध्ये, म्हणजे गो-लाइव्हआधी युजर्स स्वतः सिस्टिम तपासतात त्या चाचणीत, स्टोअरकीपरने कन्सल्टंटचा तयार नमुना आयटम बाजूला ठेवला आणि स्वतःचा बार इश्यू करायला घेतला. स्क्रीनवरचा साठा पाहून म्हणाला, “मॅडम, सहा मीटरचा एक बार. म्हणजे हे 247 बार झाले. माझ्याकडे शंभर आहेत. एवढे रॅकमध्ये मावायचेच नाहीत.”

हे गो-लाइव्हनंतर कळलं असतं तर? खरे 600 मीटर वापरून रॅक रिकामा, आणि सिस्टिम म्हणतेय 882 शिल्लक. साठा आहे म्हटल्यावर सिस्टिममधलं मालाची गरज मोजणारं एमआरपी खरेदीची मागणी काढतच नाही. काम थांबतं. ज्या मालात हा बार लागतो त्याचा मटेरियल खर्च बारपुरता खऱ्याच्या चाळीस टक्के दिसतो, त्यावर कोटेशनं जातात. दुरुस्तीही सरळ नसते. एकदा साठा चढला आणि व्यवहार झाले की बहुतेक सिस्टिम बेस युनिट बदलू देत नाहीत. ओपनिंगची नोंद उलटवा, नवा आयटम कोड काढा, उघड्या ऑर्डरी त्यावर वळवा. यूएटीत सापडलं म्हणून फाइल दुरुस्त करून पुन्हा लोड केली, संपलं.

आणि मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. वार्षिक मोजणीत ते 882 मीटर तूट म्हणून निघाले असते. जबाब कोणाकडून मागितला असता? त्याच माणसाकडून. फाइल भरणारा तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला.

बरं, युजर्स अडून बसतात, गुपचूप जुनी एक्सेल चालवतात, हेही खरं. आणि समारोपाच्या कार्यक्रमात चुकांची यादी वाचून दाखवायला हिंमत लागते, प्रत्येकाला ते परवडत नाही, हेही मान्य. पण या बाईंनी वाचली. ‘संवाद वाढवायला हवा’ असलं गुळमुळीत काही नाही. पुढच्या प्लँटच्या कटओव्हर यादीत, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जातानाच्या कामांच्या यादीत, काय घालणार तेच सांगितलं. मॉक लोडनंतर प्रत्येक आयटमचा जुना दर आणि नवा दर शेजारी ठेवायचा. युनिट बदललंय आणि दर तोच आहे, अशी ओळ दिसली की ती चूकच. बार, पाइप, अँगल, केबल हे आधी तपासायचे. रूपांतर आयटम मास्टरमध्येच भरायचं, 100 मीटरला 247 किलो असं. प्रत्यक्ष बारचं वजन थोडं मागेपुढे होतं, म्हणून आवक करताना थोडी सूट ठेवायची. शेवटच्या लोडआधी मालाची हालचाल थांबवून मोजणी, आणि नगांच्या ताळ्यावर सही स्टोअरकीपरची. फायनान्सची सही किमतीपुरती.

एक मुद्दा त्यांनी ओझरता घेतला, मला तो मोठा वाटतो. हा माणूस यूएटीला बसला होता तेव्हा त्याच्या काउंटरवर बदली माणूस दिलेला होता. बहुतेक ठिकाणी देत नाहीत. दिवसभर माल द्यायचा आणि संध्याकाळी थकून टेस्ट स्क्रिप्टवर टिका मारायच्या. मग तो नमुना आयटमच चालवणार, आणि नमुना आयटम कधी फेल होत नाही.

तुमच्याकडे रोलआउट चालू असेल तर उद्याच प्लॅन उघडून बघा, यूएटीच्या दिवसांसाठी स्टोअर्समध्ये बदली माणूस लावलाय का. नसेल तर तारखा पुढे ढकला.